मोबाईलची तीन कव्हरे : आपटणे, निसटणे आणि पिवळे पडणे

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ या दोन स्थानकांच्या मध्ये शेलू हे स्थानक आहे. सकाळी येथून कल्याणकडे किंवा कर्जतकडे जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडे पाहिले, तर एका हातात पिशवी वा छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाईल असे दृश्य दिसते. गाडी आली की धावपळ होते आणि केव्हातरी तो मोबाईल फलाटावर आपटतो. म्हणून बहुतेक सर्वांच्या मोबाईलला कव्हर असते. आणि ते पारदर्शक असले, तर वर्षभरात चहाच्या डागासारखे पिवळे पडलेले असते. कव्हर स्वच्छ धुतले तरी हा पिवळेपणा जात नाही. असे का व्हावे? आणि मोबाईल वाचवण्याच्या कामी कोणते कव्हर खरे उपयोगी पडते? या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध आहे, हे आपण आता पाहू.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानात किंवा गाडीत मिळणारे पातळ, मऊ, काचेसारखे पारदर्शक कव्हर विक्रेता सरसकट ‘सिलिकॉनचे’ म्हणून विकतो. बहुधा ते सिलिकॉनचे नसते. ते मऊ पॉलियुरेथेनचे असते. त्याचे पूर्ण नाव थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे उष्णता दिली की वितळणारे आणि साच्यात ओतता येणारे पॉलियुरेथेन. व्यापारात त्याला टीपीयू म्हणतात. खरे सिलिकॉनचे कव्हर सहसा रंगीत आणि अपारदर्शक असते. त्याचा स्पर्श पीठ लावल्यासारखा मऊसर लागतो, ते रबरासारखे ताणले जाते आणि खिशातील कापसाचे तंतू त्याला लगेच चिकटतात. तिसरा प्रकार पॉलिकार्बोनेटचा. हे कव्हर कडक असते, त्यावर नखाने टिचकी मारली तर टक्‌ असा आवाज येतो, आणि मोबाईलवर चढवताना त्याच्या कडा करकरतात. मोटारींच्या पुढच्या दिव्यांवरील पारदर्शक झाकणे याच पदार्थाची असतात.

पाण्यात टाकून हे तीन पदार्थ ओळखता येतील काय, असा प्रश्न शिक्षकांच्या मनात येईल. येणार नाहीत, तिघांचीही घनता पाण्यापेक्षा थोडी जास्तच आहे आणि तिघेही बुडतात. जाळून पाहण्याचा मार्ग मात्र कोणीही पत्करू नये. सिलिकॉन जळाल्यावर वाळूसारखी पांढरी राख उरते हे खरे, परंतु पॉलियुरेथेनच्या धुरात अतिशय विषारी वायू असतात. स्पर्श, ताण आणि टिचकी एवढ्यावरच आपले काम भागते.

आपटताना काय घडते?

समजा, कव्हरासह २०० ग्रॅम वजनाचा मोबाईल १ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कमरेच्या उंचीवरून पडला. वस्तुमान ०.२ किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची १ यांचा गुणाकार केला, की जमिनीला टेकतानाची गतिज ऊर्जा १.९६ ज्यूल येते. आपण ती सोयीसाठी २ ज्यूल धरू. ही ऊर्जा कितीशी? २ किलोग्रॅमची पिशवी १० सेंटिमीटर उचलायला जेवढी लागते, जवळजवळ तेवढीच. मग एवढ्याशा ऊर्जेने काच का फुटते?

याचे उत्तर थांबण्याच्या अंतरात आहे. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्ही शिकला आहात. मोबाईल थांबवताना जमिनीला २ ज्यूल कार्य करावेच लागते. ते किती अंतरात करायचे, एवढाच प्रश्न उरतो. उघडा मोबाईल कठीण फरशीवर कोपऱ्यावर आपटला आणि समजा ०.२ मिलिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल २ भागिले ०.०००२, म्हणजे १०,००० न्यूटन येते. तोच मोबाईल कव्हराचा कोपरा १ मिलिमीटर दबून थांबला, तर बल २,००० न्यूटन होते, आणि २ मिलिमीटर दबला तर केवळ १,००० न्यूटन. प्रत्यक्षात काही ऊर्जा मोबाईल कोलांटी घेण्यात जाते आणि बल सर्व वेळ सारखे नसते. म्हणून हे आकडे ढोबळ समजावेत. पण त्यांतील प्रमाण खरे आहे. कव्हराचे काम एकच, थांबण्याचे अंतर वाढवणे. आणि हे काम एक-दोन मिलिमीटरच्या जाडीत उरकावे लागते.

यावरून कोणी म्हणेल की, जितके मऊ तितके चांगले. येथेच खरी गंमत आहे. फार मऊ पदार्थ सहज दबतो, परंतु दबताना विरोधही कमी करतो. त्यामुळे तो २ ज्यूल ऊर्जा खाण्याआधीच तळाला टेकतो, आणि उरलेली ऊर्जा मोबाईल जणू कव्हर नसल्याप्रमाणे फरशीला देतो. पातळ गादीवर उडी मारली, तर गादी असूनही टाचेला जमीन लागते, तसेच हे आहे. याउलट पॉलिकार्बोनेट इतके ताठ असते की, ते जवळजवळ दबतच नाही. ते स्वतः सहसा फुटत नाही. आपटल्यावर कव्हर शाबूत आणि आतील काच तडकलेली, असा प्रकार त्यामुळेच घडतो. कव्हर फुटले नाही याचा अर्थ मोबाईल वाचला असा नव्हे.

रबर आणि मऊ प्लॅस्टिक यांचा मऊपणा मोजण्यासाठी शोअर नावाचे एक माप वापरतात. एक बोथट सुई स्प्रिंगच्या जोराने पदार्थात दाबतात आणि ती किती कमी रुतली त्यावरून ० ते १०० पर्यंत अंक देतात. याच्या ‘ए’ मोजपट्टीवर कव्हराचे सिलिकॉन साधारणपणे ५० ते ७० च्या आसपास, तर टीपीयू ८० ते ९५ च्या दरम्यान असते. पॉलिकार्बोनेट त्या मोजपट्टीत मावतच नाही. त्यासाठी अधिक टोकदार सुईची ‘डी’ मोजपट्टी घ्यावी लागते. पातळ कोपऱ्याच्या कामाला टीपीयूचा मधला अंक सोयीचा पडतो. ते दबते, पण विरोध करत करत दबते; शिवाय दबण्यात गेलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत घालवते, म्हणून मोबाईल चेंडूसारखा उसळून दुसऱ्यांदा आपटण्याची शक्यता कमी होते. सिलिकॉनचे कव्हर तेवढेच संरक्षण देऊ शकते, मात्र त्याची जाडी अधिक हवी.

पॉलिकार्बोनेटला अगदीच निरुपयोगी मात्र ठरवू नये. रुळांजवळच्या खडीवर मोबाईल पडला, तर खडीचे एकच टोक पाठीत घुसू पाहते. मऊ पदार्थ त्या टोकाला वाट देतो, तर कडक पाठ ते बल पसरवून टाकते. म्हणून पाठ पॉलिकार्बोनेटची आणि कडा टीपीयूच्या अशी जोडकव्हरे निघाली आहेत. माझ्या मते रचना म्हणून तीच सर्वांत शहाणपणाची होत. कोपऱ्यांत हवेचे छोटे कप्पे ठेवणे आणि काचेभोवती मिलिमीटरभर उंच काठ ठेवणे, याही उपयोगी युक्त्या आहेत. काठ असला की पालथा पडलेला मोबाईल सपाट फरशीवर काचेने टेकत नाही. पण खडीवर त्या काठाचा काही उपयोग होत नाही.

काही कव्हरांच्या खोक्यावर ‘लष्करी दर्जाचे’ असे छापलेले असते. तो उल्लेख अमेरिकन सैन्याच्या मिल-एसटीडी-८१० या चाचणी-पुस्तिकेचा असतो. तीत १२२ सेंटिमीटरवरून निरनिराळ्या बाजूंवर मिळून २६ वेळा पाडण्याची पद्धत आहे. परंतु हे पाडणे काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर करावयाचे असते, उघड्या फरशीवर नव्हे. आणि हे २६ आघात पाच नमुन्यांपर्यंत वाटून देण्याची मुभा असते. कव्हर कंपनीने ती चाचणी केली की नाही, हे तपासून शिक्का देणारे कार्यालय अमेरिकन सैन्याने उघडलेले नाही. हे ध्यानात ठेवून त्या शब्दांची किंमत करावी.

हातातून निसटणे

मोबाईल आपण अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत उभा धरतो. त्याचे वजन सुमारे २ न्यूटन. ते दोन बाजूंच्या घर्षणाने तोलले जाते. कव्हर आणि त्वचा यांच्यातील घर्षणांक ०.३ असेल, तर प्रत्येक बाजूने २ भागिले ०.६, म्हणजे सुमारे ३.३ न्यूटन बलाने दाबावे लागेल. घर्षणांक ०.८ असेल, तर सव्वा न्यूटन पुरेल. गाडीत धक्का बसला की हे आकडे क्षणभर दुप्पट-तिप्पट होतात, आणि गुळगुळीत कव्हराचा मोबाईल निसटतो तो याच वेळी.

सिलिकॉन हाताला इतके का धरते? दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सर्वत्र टेकत नाहीत; फक्त उंचवटे टेकतात. मऊ पदार्थ त्या उंचवट्यांभोवती वाकतो आणि टेकण्याचे खरे क्षेत्रफळ वाढते. कडक पॉलिकार्बोनेट वाकत नाही, म्हणून गुळगुळीत असूनही, किंबहुना गुळगुळीत व कडक असल्यामुळे, ते कोरड्या बोटांतून घसरते. सिलिकॉनच्या या गुणाचा त्रासही आहे. तंग खिशातून मोबाईल बाहेर ओढताना अस्तरच बाहेर येते. आणि पृष्ठभागावर धूळ व तंतू बसले की टेकण्याचे क्षेत्रफळ घटून पकड कमी होते. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवले की पुन्हा येते.

पावसाळ्यात मात्र हिशेब बदलतो. बोटे किंचित ओलसर असली तर त्वचा मऊ होऊन पकड वाढते. पण हात निथळत असतील, तर बोट आणि कव्हर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा राहतो आणि गुळगुळीत कव्हर, मग ते मऊ असले तरी, निसटू लागते. अशा वेळी उपयोगी पडतात त्या कडांवरच्या खाचा. मोटारीच्या टायरवरील नक्षीप्रमाणे त्या पाण्याला बाहेर पडायला वाट देतात. शेलूसारख्या, चार महिने पावसाच्या गावी कव्हर घेताना पदार्थाबरोबर या खाचाही पाहाव्यात.

पकड मोजण्याचा प्रयोग वर्गात सहज होतो. एका गुळगुळीत फळीवर कव्हर उताणे ठेवा, आत २०० ग्रॅमचे वजन ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. कव्हर घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि फळीखालचे आडवे अंतर मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उदाहरणार्थ, उंची २० आणि आडवे अंतर ५० सेंटिमीटर असेल, तर ०.४. मग वजन दुप्पट करून पाहा. पुस्तकातील नियमानुसार घर्षणांक बदलू नये. पण मऊ पदार्थांच्या बाबतीत तो बदलल्याचे आढळेल. रबरासारख्या पदार्थांना तो नियम नीट लागू पडत नाही, कारण वजन वाढते त्याच प्रमाणात त्यांचे टेकणारे क्षेत्रफळ वाढत नाही.

पिवळेपणाचे रसायन

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर या रसायनज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन तयार केले. टीपीयूचा रेणू म्हणजे एक लांब साखळी असते. तीत लवचीक, लोंबते तुकडे आणि ताठ तुकडे आळीपाळीने येतात. लवचीक तुकडे कव्हराला मऊपणा देतात. ताठ तुकडे शेजारच्या साखळ्यांमधील ताठ तुकड्यांशी गठ्ठे करून राहतात आणि गाठींप्रमाणे सर्व जाळे धरून ठेवतात. मघाशी टीपीयू ‘विरोध करत करत दबते’ असे म्हटले, ते या रचनेमुळे.

स्वस्त आणि मजबूत टीपीयूतील ताठ तुकड्यांत बेंझीनची दोन वलये असतात, आणि ती एका कार्बन अणूने जोडलेली असतात. त्या कार्बनला हायड्रोजनचे दोन अणू चिकटलेले असतात. दोन वलयांच्या मध्ये सापडलेले हे हायड्रोजन सैल असतात. वलये सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषतात, त्या ऊर्जेने हायड्रोजन निघून जातो, हवेतील ऑक्सिजन तेथे शिरतो, आणि हळूहळू त्या जागी एकाआड एक दुहेरी बंधांची लांब मालिका तयार होते. अशी मालिका जांभळा व निळा प्रकाश शोषते. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्याला उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. म्हणजे हा मळ नव्हे, तर कव्हराचा पदार्थच बदललेला असतो. धुऊन तो जाणार कसा?

मग सिलिकॉन का पिवळे पडत नाही? त्याच्या साखळीचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने जोडून झालेला असतो. वाळू आणि काच यांतही हाच बंध असतो. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे २९० नॅनोमीटरहून लहान लांबीच्या लहरी नसतात. त्यापेक्षा लहान लहरी ओझोनचा थर अडवतो. २९० नॅनोमीटरच्या किरणांची ऊर्जा दर मोलला सुमारे ४१० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन हा साधा बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल पुरतात, सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५० लागतात. शिवाय, आणि हे अधिक महत्त्वाचे, सिलिकॉनमध्ये हे किरण शोषणारी वलयेच नसतात. जे शोषलेच जात नाही, ते काही बिघडवत नाही. पॉलिकार्बोनेटमध्ये वलये असतात, म्हणून तेही उन्हात पिवळे पडते. जुन्या मोटारींचे दिवे पाहा. मात्र त्याच्या वलयांना जोडणाऱ्या कार्बनवर ते सैल हायड्रोजन नसतात, त्यामुळे ही क्रिया मंद चालते.

वलये नसलेले टीपीयू बनवता येते आणि ते फारसे पिवळे पडत नाही. पण ते महाग पडते. स्वस्त कव्हरांचे उत्पादक दुसरी युक्ती करतात. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ना, तशी ते प्लॅस्टिकमध्ये अगदी थोडी निळी छटा मिसळतात. कोऱ्या कव्हराची कड डोळ्याजवळ धरून पाहिली, तर ती फिकट निळसर दिसते ती यामुळेच. पिवळेपणा निर्माण होतच असतो. काही महिने नीळ तो झाकते.

पिवळेपणा नेहमी कडांवर आणि कोपऱ्यांवर आधी का दिसतो, हेही आता कळेल. पाठीतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाला एक मिलिमीटरच पदार्थ ओलांडावा लागतो, पण कडेतून येणारा प्रकाश कित्येक मिलिमीटर पदार्थातून प्रवास करून येतो आणि वाटेत अधिक निळा गमावतो. जुन्या कव्हराच्या पाठीच्या चार पट्ट्या कापून एकावर एक ठेवा. एक पट्टी स्वच्छ वाटत होती, तरी चारांचा गठ्ठा पिवळा दिसेल.

कपाटात ठेवलेले कव्हरही कधी पिवळे पडते. त्याचे कारण निराळे असते. प्लॅस्टिक टिकावे म्हणून त्यात घातलेली काही फिनॉलजातीची रक्षक द्रव्ये हवेतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून पिवळी होतात. वाहनांच्या धुरात आणि गॅसच्या ज्योतीजवळ ही ऑक्साइडे असतात. अशा पिवळेपणाला उन्हाची गरज नसते. आणि तिसरा पिवळेपणा आपल्या घरचाच, हळदीचा. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. डागावर साबणाचे पाणी लावा. तो लालसर झाला तर हळद समजावी. हळदीतील रंगद्रव्य उन्हात नष्ट होते, म्हणून असे कव्हर दोन दिवस उन्हात ठेवले की डाग फिका होतो. टीपीयूचा स्वतःचा पिवळेपणा मात्र उन्हात वाढेल. एकाच उपायाने एक डाग जातो आणि दुसरा गडद होतो, म्हणून आधी परीक्षा करावी.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांनी एक स्वस्त पारदर्शक कव्हर घेऊन त्याच्या पाठीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळावा. एक पट्टी छपरावर उघड्या उन्हात, एक बंद खिडकीच्या काचेआड आणि एक पेटीत ठेवावी. कर्जत तालुक्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेले असते, म्हणून प्रयोग दसऱ्यानंतर सुरू करून मे अखेर संपवावा. दर पंधरा दिवसांनी पट्ट्या पांढऱ्या कागदावर ठेवून, एकाच जागी व एकाच वेळच्या प्रकाशात, उघड्या आणि झाकलेल्या भागांची तुलना करावी. खिडकीची काच अतिनील किरणांतील सर्वांत लहान लहरी अडवते, पण सर्व अडवत नाही; त्यामुळे काचेआडची पट्टी छपरावरच्या पट्टीच्या मागे राहील, तरी पेटीतल्या पट्टीपेक्षा पुढे जाईल. गुंडाळलेला अर्धा भागही थोडा बदललेला दिसला, तर त्यात उष्णतेचा आणि हवेचा वाटा आहे असे समजावे.

याच पट्ट्यांपैकी एक जादा पट्टी पावसाळाभर ओल्या कापडात गुंडाळून ठेवता येईल. काही टीपीयूंतील लवचीक तुकडे एस्टर प्रकारचे असतात, आणि पाणी त्या बंधांचे हळूहळू विघटन करते. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे काही वर्षांनी भुसभुशीत होऊन गळून पडतात, त्यामागे बहुधा हीच क्रिया असते. तुमची पट्टी एका पावसाळ्यात तुटणार नाही. पण वर्षानुवर्षे ठेवली आणि ती ताणल्यावर चिरू लागली किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर ते टीपीयू एस्टर जातीचे होते असा अंदाज करता येईल. इथर जातीचे टीपीयू ओलाव्यात अधिक टिकते, पण उन्हात तुलनेने लवकर बिघडते.